पुस्तकांना पैसा आहे, ग्रंथपालाला नाही

‘आर्ट्सला आहेस ना? मग लायब्ररीचा कोर्स कर, नाहीतर म्युझियम, पुरातत्त्व. खूप स्कोप आहे.’ भिवंडीत बी.ए. करणाऱ्या मुलामुलींना हा सल्ला हमखास मिळतो. देणारे बहुतेक माझ्यासारखे इंजिनिअर असतात. स्वतः नोकरी घेताना आम्ही सीटीसीचा एकेक आकडा फोडून बघतो आणि दुसऱ्याला मात्र ‘स्कोप’ या एका शब्दावर पाठवून देतो. म्हणून यातल्या ग्रंथालयाचा हिशेब मी इथे फोडून मांडतो. ग्रंथालय निदान गावोगाव आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. गावातलं वाचनालय सहसा एखादी संस्था चालवते. सरकार त्याला मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं आणि वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान देतं. २०२२ साली या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली आणि तिच्या बातम्या मोठ्या आनंदाने छापून आल्या. वाढीनंतर ‘ड’ वर्गाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. हा आकडा वर्षाचा आहे. त्यातला साधारण निम्मा भाग वेतनासाठी, उरलेला पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज वगैरेंसाठी. म्हणजे ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाचे २४ हजार, महिन्याला दोन हजार. आणि हेही दरमहा हातात पडत नाहीत, कारण अनुदान हप्त्यांनी येतं.

एक पायरी वर गेलं तर? २०२२च्या वाढीनंतर तालुक्याच्या ठिकाणाबाहेरच्या ‘क’ वर्ग ग्रंथालयाचं अनुदान वर्षाला १,५३,६०० रुपये झालं. वेतनाचा भाग ७६,८००, म्हणजे महिन्याला ६,४००. यातच शिपायाचाही पगार भागवायचा. भिवंडीच्या गोदामात पार्सलवर बारकोड मारणाऱ्या मुलाला हा आकडा सांगून बघा, त्याला थट्टाच वाटेल. वर्ग वाढवून घ्यावा म्हटलं, तर २०१२ नंतर बरीच वर्षं नव्या मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही बंद होत्या.

मग या क्षेत्रात पैसाच नाही का? आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२पासून देशभरातल्या ग्रंथालयांना मदत करतं. पुस्तकं, कपाटं, इमारत, संगणक यांसाठी योजना आहेत. पगारासाठी नाही. कपाटाचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. ग्रंथपालाचा पगार दर महिन्याला लागतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. नवीन इमारतीत कुलूपबंद पुस्तकं दिसली, तर समजावं की वस्तूंचा निधी आला होता आणि माणसाचा आला नव्हता.

खरी नोकरी कुठे आहे, तेही सांगतो. केंद्रीय विद्यालयातल्या ग्रंथपालाला सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. बी.ए. नंतर एक वर्षाचं बी.लिब. केलेली मुलगी तिथे अर्ज करू शकते. महाविद्यालयीन ग्रंथपालाचं मूळ वेतन ५७,७००पासून, पण त्यासाठी ५५ टक्क्यांनी एम.लिब. आणि नेट किंवा सेट लागते. म्हणजे तेच बी.लिब. एका दारात ४४,९०० मिळवून देतं आणि दुसऱ्या दारात दोन हजार. फरक फक्त ‘मंजूर पद’ आणि ‘अनुदान’ या दोन शब्दांचा आहे. मात्र मंजूर पदांच्या जाहिराती तुरळक येतात, आणि वयाची अट तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणून कोर्सची फी भरण्याआधी जाहिरात नीट वाचा. वेतनश्रेणी लिहिली आहे की ‘मानधन’? पद मंजूर आहे की अकरा महिन्यांचा करार? पैसे कोण देणार, सरकार की संस्था? उत्तर ‘मानधन, करार, संस्था’ असेल, तर ती समाजसेवा आहे. खुशाल करा, पण घर चालवायला दुसरं काही हाताशी ठेवा.

आणि हे असंच असायला हवं असं नाही. तमिळनाडू आणि कर्नाटकाने आपल्या कायद्यातच ग्रंथालय उपकर ठेवला, तो मालमत्ता करासोबत वसूल होतो. महाराष्ट्राने १९६७ साली तो ठेवला नाही आणि ग्रंथालयांना दरवर्षीच्या अर्थसंकल्पापुढे हात पसरायला लावलं. उपकर म्हणजे जादू नव्हे. बेंगळुरूत महापालिकेने वसूल केलेला उपकर ग्रंथालयांपर्यंत पोचवण्यात थकबाकी राहिली आहे. पण थकबाकी मागता तरी येते, कारण ते पैसे कायद्याने ग्रंथालयाचे असतात. आपल्याकडे मागायचं ते वाढीव अनुदान, म्हणजे कृपा.

भिवंडीत माग आहेत, गोदामं आहेत, त्यांच्यावर मालमत्ता कर आहे. त्यातला रुपयामागे एखादा पैसा ग्रंथपालाच्या पगाराला बांधून द्या. तोवर बी.ए.च्या मुलांना ‘खूप स्कोप आहे’ म्हणणाऱ्याने आधी महिन्याला दोन हजारांत घर चालवून दाखवावं.