१०० युनिटची रेघ आणि छपरावरचं सोलर : फायदा नेमका कुणाला?

छपरावर सोलर बसवा, वीजबिल शून्य करा, अशा जाहिराती आज प्रत्येक शहरात आणि तालुक्याच्या गावात दिसतात. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. तिच्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. अनुदान सगळ्यांना सारखं दिसतं, पण लावलेला पैसा किती दिवसांत वसूल होतो हे घराघरांत वेगळं आहे. बंगल्यात तो दोन-सव्वादोन वर्षांत वसूल होतो, तर वस्तीतल्या छोट्या घराला त्यासाठी सहा वर्षं लागू शकतात. याचं कारण पॅनलमध्ये नाही, ते वीजबिलाच्या टप्प्यांत दडलेलं आहे. म्हणून आधी बिल समजून घेऊ.

महावितरणच्या घरगुती बिलात मुख्य चार गोष्टी असतात. पहिला स्थिर आकार. तो एकही युनिट जाळलं नाही तरी भरावाच लागतो. दुसरा वीज आकार, जो टप्प्याटप्प्याने वाढतो. तिसरा वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून आपल्या घरापर्यंत आणण्याचं भाडं. ते प्रत्येक युनिटला सारखंच असतं. या तिन्हींच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लागतं. काही महिन्यांत इंधन समायोजन आकारही जोडला जातो, तो इथे बाजूला ठेवू.

२०२४-२५ च्या दरपत्रकात सिंगल फेजचा स्थिर आकार महिना १२८ रुपये होता. वहन आकार युनिटमागे १.१७ रुपये. वीज आकार पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९ रुपये, ३०१ ते ५०० ला १४.५५ रुपये आणि त्यापुढे १६.६४ रुपये. आयोगाच्या आदेशांनुसार दर बदलत असतात. त्यामुळे आपला हिशेब करताना आपल्या ताज्या बिलावरचे दर घाला. पद्धत तीच राहते.

आता दोन घरं घेऊ. पहिल्या घरात दोन पंखे, चार दिवे, टीव्ही आणि छोटा फ्रिज आहे. महिन्याला ९० युनिट जळतात.

वीज आकार : ९० × ४.७१ = ४२३.९०
वहन आकार : ९० × १.१७ = १०५.३०
स्थिर आकार : १२८.००
बेरीज : ६५७.२०
वीज शुल्क १६ टक्के : १०५.१५
एकूण : ७६२.३५ रुपये

दुसऱ्या घरात मोठा फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन आहे आणि उन्हाळ्यात कूलर चालतो. तिथे २५० युनिट जळतात. त्यांच्या पहिल्या १०० युनिटचे ४७१ रुपये होतात आणि पुढच्या १५० युनिटचे १,५४३.५०. त्यात वहन आकार २९२.५० आणि स्थिर आकार १२८ मिळवला की बेरीज २,४३५ येते. शुल्कासह बिल होतं २,८२४.६० रुपये.

वापर पावणेतीन पट, पण बिल पावणेचार पटीच्या जवळ. सोलरचा हिशेब करताना मात्र एकूण बिलापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे : एक युनिट वाचलं तर किती रुपये वाचतात? १०० च्या आतल्या घरात ४.७१ अधिक १.१७, त्यावर शुल्क, म्हणजे ६.८२ रुपये. १०० ते ३०० च्या टप्प्यात १०.२९ अधिक १.१७, त्यावर शुल्क, म्हणजे १३.२९ रुपये. तेच ऊन, तेच पॅनल. पण वस्तीतल्या छपरावर तयार झालेल्या युनिटची किंमत मोठ्या घराच्या वरच्या टप्प्यातल्या युनिटच्या जवळजवळ निम्मी. टप्पे गरिबाचं बिल कमी ठेवण्यासाठी आहेत, आणि ते हवेतच. पण बाजारातून सोलर घ्यायला गेलं की हेच टप्पे उलटे लागतात.

आता परतफेडीचा काळ काढू. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. दिवसा तयार होऊन घरात न वापरलेली वीज नेट मीटरमधून ग्रीडमध्ये जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते.

२५० युनिटच्या घराने २ किलोवॉट बसवलं तर महिन्याला २४० युनिट निघतात. बिल उरतं १० युनिटचं आणि स्थिर आकाराचं, शुल्कासह सुमारे २१७ रुपये. बचत महिन्याला सुमारे २,६०८ रुपये. समजा ठेकेदाराने १ लाख ३० हजार सांगितले. ६० हजार अनुदान गेलं की घरचे ७० हजार उरतात. ते २७ महिन्यांत वसूल.

९० युनिटच्या घराने १ किलोवॉट बसवलं तर १२० युनिट निघतात, पण वापर ९० चाच आहे. बिल तरी शून्य होत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क मिळून १४८.४८ रुपये दर महिन्याला येतच राहतात. ‘बिल शून्य’ म्हणणाऱ्या एजंटला हा आकडा दाखवावा. बचत झाली ६१४ रुपये. उरलेली ३० युनिटं खात्यात पुढे सरकतात. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर त्यांचा मोबदला मिळतो, पण तो आपण भरतो त्या दराने नाही. छोट्या यंत्रणेला किलोवॉटमागे खर्च थोडा जास्त येतो, म्हणून ७५ हजार धरू. ३० हजार अनुदान वजा करून ४५ हजार उरतात. ४५ हजार भागिले ६१४, म्हणजे ७३ महिने, सहा वर्षांहून जास्त. हे पैसे ७ टक्क्यांनी कर्ज काढून भरले तर पहिल्या वर्षाच्या ७,३६६ रुपये बचतीतले सुमारे ३,१५० व्याजातच जातील. शिवाय अनुदान यंत्रणा चालू झाल्यावर खात्यात येतं, आधी नाही.

इथेच राज्य सरकारच्या ‘स्मार्ट’ योजनेचं, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप योजनेचं महत्त्व आहे. २०२५ मध्ये मंजूर झालेली ही योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी आहे. १ किलोवॉटची किंमत ५० हजार धरून केंद्राच्या ३० हजारांवर राज्य आपला वाटा घालतं : दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,०००, सर्वसाधारण गटाला १०,०००. म्हणजे खिशातून अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० रुपये.

आपल्या ९० युनिटच्या घराला हे लावून बघा. बचत तीच, ६१४ रुपये. अनुसूचित जातीच्या कुटुंबाचे ५ हजार साधारण ८ महिन्यांत वसूल होतात. सर्वसाधारण गटाचे १० हजार १६ महिन्यांत. बाजारातून घेतलं असतं तर ७३ महिने. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ बौद्धांनाही आहे. त्यामुळे जातीचा दाखला तयार नसणं म्हणजे इथे सरळ ५ हजार रुपयांचा फरक. दारिद्र्यरेषेखालच्या ३० युनिटपर्यंतच्या वर्गवारीचा वीजदर मात्र मुळातच बराच कमी आहे. तिथे खर्च २,५०० असला तरी महिन्याची बचतही लहान असेल, हे आधीच सांगावं.

योजनेला दोन मर्यादा आहेत. एक, जागा सुमारे ५ लाख घरांपुरत्या आहेत : दारिद्र्यरेषेखालची दीड लाखाच्या आसपास आणि उरलेली १०० युनिटच्या आतली. त्यात आधी येणाऱ्याला आधी प्राधान्य. दुसरी मर्यादा जास्त बोचणारी आहे. ठरवून दिलेल्या वर्षात कोणत्याही एका महिन्यात १०० युनिट ओलांडलेले नसावेत. आणि ही रेघ माणसं मोजत नाही, मीटर मोजते.

वस्तीत दोन भाऊ दोन खोल्यांत, दोन चुलींवर, पण एकाच मीटरवर राहतात हे सर्रास दिसतं. दोघांचा मिळून वापर १८० युनिट. त्यांचं बिल येतं १,८९४ रुपये. दोघांचे मीटर वेगळे असते तर ७६२ प्रमाणे दोघांचे मिळून १,५२५ झाले असते. म्हणजे महिन्याला ३६९ रुपये केवळ मीटर एक असल्यामुळे जास्त जातात, आणि वर ‘स्मार्ट’ योजनेतूनही दोन्ही कुटुंबं बाहेर. खरोखर वेगळं घर, वेगळं रेशनकार्ड असेल तर वेगळ्या जोडणीचा अर्ज हे त्यांचं पहिलं पाऊल आहे, सोलर नंतर. तसंच रीडिंग न घेता दोन-तीन महिन्यांचं बिल एकदम आलं असेल, तर युनिट महिन्यांत वाटून टप्पे लावले आहेत का ते तपासा. नाहीतर १०० च्या आतलं घर कागदावर १०० च्या वर जातं.

छपराचा प्रश्न वेगळाच. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. भाडेकरूला, चाळीतल्या खोलीला, जीर्ण पत्र्याच्या घराला ही योजना पोचत नाही, अनुदान कितीही वाढवलं तरी. अशा वस्त्यांसाठी सामायिक छप्पर किंवा मोकळ्या जागेवर सामूहिक यंत्रणा उभारून तिची युनिटं घराघरांच्या बिलात वळती करणं, ही मागणी संघटनांनी धरायला हवी.

शेवटी, घरी पॅनल बसवणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगण्याची एक गोष्ट. बॅटरी नसलेली ही यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनात घर उजळेल, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पॅनल २५ वर्षांच्या हिशेबाने घेतलं जातं, पण इन्व्हर्टर साधारण १० वर्षांनी बदलावा लागतो. धूळ पुसली नाही तर उत्पादन घटतं. सूर्यघर योजनेत ठेकेदाराने पाच वर्षं देखभाल करायची आहे. ते करारात लिहून घ्या.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणून सुरुवात बिलांपासून करावी. प्रत्येक घराची मागची बारा बिलं मागा. सगळ्यात जास्त वापराचा महिना कोणता आणि तो १०० च्या आत आहे का, ते बघा. मग जोडणी कुणाच्या नावावर आहे, छप्पर कुणाचं आहे आणि दाखला आहे का, ते लिहा. या चार उत्तरांवरून कुणाचा अर्ज आज भरायचा, कुणाचा मीटर आधी वेगळा करायचा आणि कुणाला सोलर घेऊ नका असं सांगायचं, हे ठरवता येतं.