हेडहंटरास लिहावयाचे पत्र

चाकणच्या बाजूस मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात वित्तविभागाच्या उपप्रमुख म्हणून काम करणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न या महिन्यात विचारास घेतला आहे. त्या चार्टर्ड अकाउंटंट असून १६ वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीस आहे. वरच्या जागेवरील गृहस्थ आणखी आठ वर्षे तरी निवृत्त होणार नाहीत. तेव्हा बाहेर पाहावे असा त्यांचा विचार आहे. घरी वृद्ध सासूसासरे, दोन मुलांची शिक्षणे आणि कर्जाचे हप्ते असल्यामुळे हातची जागा डळमळीत होऊन चालावयाचे नाही. हेडहंटरास पत्र कसे लिहावे, त्यात पगाराची अपेक्षा किती व कशी सांगावी आणि ही गोष्ट सध्याच्या मालकाच्या कानी जाऊ नये म्हणून काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हेडहंटर हा कोणाचा माणूस, हे समजून घेतले पाहिजे. त्याची फी उमेदवार देत नाही. ज्या कंपनीस माणूस हवा असतो ती देते. यात दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत कंपनी एकाच संस्थेकडे शोधाचे काम सोपविते आणि फी टप्प्याटप्प्याने देते. उच्च पदांसाठी ही फी बहुधा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असते. दुसऱ्या रीतीत एकाच जागेसाठी अनेक संस्था धावतात व ज्याचा उमेदवार रुजू होईल त्यालाच पैसे मिळतात. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकारात वार्षिक पगाराच्या शेकडा ८.३३, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार, हा दर पुष्कळ ठिकाणी आढळतो. यावरून दोन गोष्टी निघतात. हेडहंटर आपल्यासाठी नोकरी शोधीत नसून नोकरीसाठी माणूस शोधीत असतो. म्हणून आपण कोणत्या जागेत बसू, हे त्यास दोन मिनिटांत कळेल असे पत्र हवे. दुसरी गोष्ट अशी की, शर्यतीत धावणाऱ्या संस्थेस आपले नाव सर्वांआधी कंपनीपुढे टाकण्याची घाई असते. गुप्तता फुटते ती पुष्कळदा दुष्टपणाने नव्हे, या घाईने.

आता जागेविषयी. ‘योग्य ती कोणतीही वरिष्ठ जागा चालेल’ असे लिहिणाऱ्याचा कागद हेडहंटर कोठे ठेवील? त्यास तो कोणत्याच कप्प्यात ठेवता येत नाही. शिवाय पदनामे फसवी असतात. एका कंपनीतील ‘व्हाइस प्रेसिडेंट’ दुसऱ्या कंपनीत साधा मॅनेजर ठरतो. म्हणून पदाच्या नावाबरोबर कामाची व्याप्ती सांगावी: हाताखाली किती माणसे, किती कारखान्यांचा हिशेब, बँकांशी व लेखापरीक्षकांशी बोलणी कोणाकडे, आणि आपला वरिष्ठ कोण. या भगिनींनी दोनच प्रकारच्या जागा सांगाव्यात. एक, मध्यम आकाराच्या कारखानदार कंपनीच्या संपूर्ण वित्तविभागाचे प्रमुखपद; दुसरी, मोठ्या समूहातील एका विभागाचे वित्तप्रमुखपद. तिसरा प्रकार लिहिला की पहिले दोन पातळ होतात. कोणत्या गावी जाण्याची तयारी आहे व कोणत्या गावी नाही, हेही स्पष्ट असावे. सासऱ्यांच्या औषधोपचारामुळे पुणे सोडणे अशक्य असेल तर ते कारण पत्रात लिहिण्याचे प्रयोजन नाही. ‘पुणे परिसर’ एवढे दोन शब्द पुरेत.

पगाराच्या बाबतीत मात्र थोडे गणित मांडावे लागेल, कारण येथेच शहाणी माणसे फसतात. आपल्याकडे पगार ‘सीटीसी’ या एका आकड्यात सांगण्याचा प्रघात आहे. या आकड्यात कंपनी आपल्यासाठी जे जे खर्ची टाकते ते सर्व येते. हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. समजा, या भगिनींची सीटीसी ४० लाख आहे. मूळ पगार वर्षाला १५ लाख धरला तर त्यावर शेकडा १२ प्रमाणे मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १ लाख ८० हजार झाला. ग्रॅच्युइटीची तरतूद शेकडा ४.८१ प्रमाणे सुमारे ७२ हजार झाली. कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कम ५ लाख आहे. पैकी गेल्या वर्षी प्रत्यक्ष साडेतीन लाखच मिळाली. हे सर्व वजा जाता खात्रीची रोख उरते सुमारे साडेबत्तीस लाख, आणि तीही प्राप्तिकर व स्वतःचा निधीचा वाटा कापण्यापूर्वीची.

आता त्यांनी हेडहंटरास ‘मला ५२ लाख हवेत’ असे लिहिले, आणि नव्या कंपनीने ते मान्य केले. कागदावर शेकडा ३० वाढ झाली. घरी पेढे वाटले गेले. पण त्या कंपनीत चौथा हिस्सा, म्हणजे १३ लाख, कामगिरीवर अवलंबून आहे. उरलेल्या ३९ लाखांतून, मूळ पगार १८ लाख धरून, निधी व ग्रॅच्युइटीचे सुमारे ३ लाख गेले की खात्रीची रोख ३६ लाख राहते. म्हणजे खरी खात्रीची वाढ शेकडा ११ च्या आसपास. कर्जाचा हप्ता खात्रीच्या रकमेतूनच जातो, हे घर चालविणाऱ्यास सांगावयास नको. यास्तव अपेक्षा सांगताना खात्रीची रोख व बदलती रक्कम ही वेगवेगळी सांगावी. सध्याचा पगारही तसाच फोडून आणि खरा सांगावा. कारण पुढे पगाराच्या पावत्या मागितल्या जातात आणि फुगविलेला आकडा तेथे उघडा पडतो. सोडण्याने जे बुडेल तेही याच ठिकाणी नमूद करावे. वार्षिक बदलती रक्कम जून महिन्यात, त्या वेळी नोकरीत असणाऱ्यासच मिळत असेल, तर मे महिन्यात निघणारा ती गमावतो. नवी कंपनी हे नुकसान पुष्कळदा रुजू होतेवेळी भरून देते, पण आधी सांगितले तरच. ही रक्कम वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावी लागते, ही अट मात्र वाचून घ्यावी.

आता गुप्ततेकडे वळू. ‘कृपया गुप्त ठेवावे’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असते, आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. गुप्तता ही विनंती म्हणून न लिहिता अटी म्हणून लिहावी. मुख्य अट ही की, प्रत्येक कंपनीचे नाव आधी आपणास सांगून आपली लेखी संमती घेतल्यावाचून आपले नाव वा कागद तिकडे जाऊ नये. दुसरी, कोठे मुळीच जाऊ नये त्याची यादी: सध्याची कंपनी, तिच्या समूहातील कंपन्या, तिचे भागीदार व मोठे ग्राहक, आणि जेथे आपले जुने वरिष्ठ आज बसले आहेत त्या जागा. तिसरी, सध्याच्या कार्यालयात कोणतीही चौकशी लेखी नेमणूक हाती येईपर्यंत होऊ नये; तोवर साक्षीदार म्हणून पूर्वीच्या नोकरीतील वरिष्ठांची नावे द्यावीत.

पहिल्या पत्रात सध्याच्या कंपनीचे नाव गाळणे बरे. पण नाव गाळल्याने माणूस झाकला जातोच असे नाही. ‘चाकण, मोटारींचे सुटे भाग, वित्तविभागाची उपप्रमुख, स्त्री’ एवढ्यावरून त्या व्यवसायातील कोणीही बोट ठेवील. तेव्हा तपशीलही थोडा ढोबळ ठेवावा. पत्र पाठविण्यापूर्वी आणखी एक शोध घ्यावा: आपल्या कंपनीत अलीकडे आलेली वरिष्ठ माणसे कोणत्या संस्थेमार्फत आली? ज्या कंपनीची फी घेतो तिचीच माणसे ठराविक काळ न उचलण्याचे बंधन हेडहंटरांवर सहसा असते. त्या संस्थेस लिहिले तर काम होत नाही आणि बातमी मात्र मालकाच्या दाराशी जाऊन बसते.

पत्र अर्थातच इंग्रजीत जाईल. त्याचा आशय सोयीसाठी मराठीत देतो.

‘मी चार्टर्ड अकाउंटंट असून अभियांत्रिकी उद्योगातील १६ वर्षांचा मला अनुभव आहे. सध्या पश्चिम महाराष्ट्रातील एका कंपनीत वित्तविभागात वरिष्ठ पदावर आहे. उत्पादनखर्च, बँकांचे व्यवहार व लेखापरीक्षण ही कामे माझ्याकडे असून, माल व उधारी यांत अडकणारे भांडवल तीन वर्षांत सुमारे एक-पंचमांशाने कमी करण्याचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. मध्यम कारखानदार कंपनीचे वित्तप्रमुखपद, अथवा मोठ्या समूहातील विभागाचे वित्तप्रमुखपद, या दोन जागांविषयी, पुणे परिसरात, मी विचार करीन. सध्याची खात्रीची रोख ३२.५ लाख व बदलती रक्कम ५ लाख आहे, पैकी गतवर्षी ३.५ लाख मिळाली. अपेक्षा खात्रीची रोख ४० लाख व त्यावर बदलती रक्कम अशी आहे. सूचनेचा अवधी ९० दिवस. माझ्या लेखी संमतीवाचून माझी माहिती कोणासही देऊ नये. हे मान्य असल्याचे उत्तर येताच सविस्तर परिचयपत्र व वर्ज्य कंपन्यांची यादी पाठवीन. संपर्क याच खाजगी पत्त्यावर, सायंकाळी सातनंतर.’

भांडवल किती दिवसांवरून किती दिवसांवर आले, हा नेमका आकडा येथे मुद्दाम दिलेला नाही. तो सध्याच्या मालकाचा आहे. जी व्यक्ती स्वतःसाठी गुप्तता मागते, तिने मालकाची गुपिते पत्रात ओतली तर चाणाक्ष हेडहंटर तेवढ्यावरूनच तिची पारख करतो.

उत्तरावरून समोरच्याचीही पारख होते. जो अट मान्य असल्याचे लिहून मग जागेविषयी दोन नेमके प्रश्न विचारतो, तो भरवशाचा. जो अटीविषयी अवाक्षर न काढता ‘परिचयपत्र आजच पाठवा’ म्हणतो, अथवा कंपनीचे नाव सांगावयास तयार होत नाही, त्यास पुढे काही देऊ नये. जो उमेदवाराकडेच पैसे मागतो तो हेडहंटरच नव्हे.

कार्यालयाचा संगणक, तेथील ईमेल व कंपनीने दिलेला दूरध्वनी या कामी वापरू नयेत, हे बहुतेकांस ठाऊक असते. लिंक्डइनवर ‘नवी नोकरी शोधत आहे’ ही खूण केवळ नोकरभरती करणाऱ्यांसच दिसेल अशी ठेवता येते. पण सध्याच्या मालकापासून ती पूर्णपणे लपेल अशी हमी ते संकेतस्थळही देत नाही, तेव्हा ती न लावणेच उत्तम. एकत्र कुटुंबात मात्र याहून जुनी एक वाट उघडी असते. सून नवी नोकरी पाहते आहे हे सासूबाई कौतुकाने एखाद्या मुंजीत सांगतात, आणि पंक्तीत शेजारी बसलेल्या बाईंचा भाचा त्याच कारखान्यात असतो. घरच्यांपासून लपवावे असे नाही. उलट त्यांना सर्व सांगावे, पण किती दिवस बोलावयाचे नाही तेही सांगावे. तो काळ राजीनामा दिल्याच्या दिवशी संपतो. आणि राजीनामा द्यावयाचा तो आकडे, जागा व रुजू होण्याची तारीख असलेले नेमणुकीचे पत्र सहीनिशी हाती आल्यावरच, तोंडी शब्दावर नव्हे.