गाळलेल्या जागेतला खोटा प्रश्न

‘द टीम ___ प्लेइंग वेल.’ पर्याय दोन: इज किंवा आर.

बँकेची, रेल्वेची, नाहीतर कुठलीही स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवलेला असतो. उत्तरतालिकेत उत्तर असतं ‘इज’. खाली एका ओळीत स्पष्टीकरण: समूहवाचक नाम एकवचनी असतं. दुपारी हे पाठ करणारा मुलगा संध्याकाळी मॅच लावतो. समालोचक म्हणतो, ‘इंडिया आर 120 फॉर 3’, ‘मुंबई नीड 12 फ्रॉम 6’. आर आणि नीड, दोन्ही अनेकवचनी. मग त्याला प्रश्न पडतो की समालोचकाला इंग्रजी येत नाही, की सरांना?

मी गेली काही वर्षं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. कर्ता आणि क्रियापदाचा मेळ हे प्रकरण मला मनापासून आवडतं. म्हणूनच सराव-परीक्षांनी त्याचं जे केलंय त्याचा मला राग येतो. तीन वेगवेगळ्या जातीचे प्रश्न एकाच गोणीत भरलेत आणि प्रत्येकाला एकच बरोबर उत्तर चिकटवलंय. त्यातला एक प्रश्न खरा, एक अर्धा आणि एक सरळ खोटा.

खोटा प्रश्न म्हणजे हा टीमचा. ब्रिटिश इंग्रजीत टीम, कमिटी, गव्हर्नमेंट, फॅमिली या शब्दांपुढे एकवचन आणि अनेकवचन दोन्ही चालतं. समूह एक वस्तू म्हणून डोळ्यासमोर असेल तर इज, त्यातली माणसं डोळ्यासमोर असतील तर आर. खेळाच्या बातम्यांत तर संघ अनेकवचनीच धरायचा प्रघात आहे. अमेरिकन इंग्रजीचा कल एकवचनाकडे आहे आणि माणसं दाखवायची असतील तर तिथे ‘मेंबर्स ऑफ द टीम’ असं लिहून मोकळे होतात. ज्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणाच्या नावाने आपल्याकडे शपथा घेतल्या जातात, तेही हेच सांगतं: समूह एक म्हणून पाहिला तर एकवचन, घटक वेगळे पाहिले तर अनेकवचन. (यातले रेन साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे गाजले. त्यांना वाक्यातल्या अर्थाशी देणंघेणं असणारच.) म्हणजे मूळ पुस्तकात निवड लेखकाच्या हातात आहे. गाइडवाल्यांनी तिचा नियम केला आणि टेस्ट सिरीजवाल्यांनी नियमाचा सापळा.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. ‘मंडळी’ हा शब्द घ्या. ‘सगळी मंडळी गावाला गेली आहे’ असंही आपण म्हणतो आणि ‘सगळी मंडळी गावाला गेली आहेत’ असंही. ‘काही मंडळी म्हणतात’ हे तर रोज ऐकू येतं. यातलं चूक काय, असं आजीला विचारून बघा. ती तुमच्याकडेच बघत राहील. ‘समिती’च्या बाबतीत मात्र आपण ‘समिती म्हणतात’ असं कधीच बोलत नाही. म्हणजे कुठला समूह गोळीबंद आणि कुठला सुटा, हे शब्दागणिक आणि भाषेगणिक बदलतं. इंग्रजीतही तसंच आहे, एवढंच शिकवायचं होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मॅडम, परीक्षेला एकच उत्तर लागतं. मुलांना कन्फ्यूज करू नका.’ ठीक आहे, परीक्षेला एकच उत्तर लागतं. मग असा प्रश्न काढा ज्याला एकच उत्तर आहे. ‘चूक शोधा’ या प्रकारात वाक्याचे तुकडे देतात आणि शेवटचा पर्याय असतो ‘चूक नाही’. तिथे ‘द टीम आर प्लेइंग वेल’ असं वाक्य आलं, तर ज्याला इंग्रजी नीट येतं तो ‘चूक नाही’ निवडतो आणि ज्याने गाइड पाठ केलंय तो ‘आर’वर बोट ठेवतो. बँकेच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. म्हणजे जास्त माहीत असल्याचा दंड. ऑफिसच्या पत्रात एकवचन वापरा, ते कुणाला खटकत नाही, हा सल्ला मीही देते. पण सुरक्षित उत्तर आणि एकमेव उत्तर यांत फरक आहे, आणि गुण एकमेव उत्तराला कापले जातात.

बरं, समूहवाचक नामांचंच विचारायचं असेल तर ‘पोलीस’ विचारा. इंग्रजीत तो नेहमी अनेकवचनी: ‘द पोलीस आर’. मराठीत एक पोलीस येतो, चार पोलीस येतात, त्यामुळे आपली मुलं हमखास ‘द पोलीस इज’ लिहितात. ही खरी अडचण आहे आणि तिला खरोखरच एक उत्तर आहे.

अर्धा प्रश्न म्हणजे ‘आयदर-ऑर’. नियम असा की क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं: ‘आयदर द मॅनेजर ऑर द क्लार्क्स आर’, आणि उलटवलं की ‘आयदर द क्लार्क्स ऑर द मॅनेजर इज’. वर्गात हे जादूसारखं शिकवतात. पण ‘दादा किंवा ताई आली होती’ आणि ‘ताई किंवा दादा आला होता’ ही वाक्यं म्हणून बघा. आपण तर लिंगसुद्धा जवळच्याचं घेतो, आणि तेही कुणी न शिकवता. अर्धा का म्हणते, तर ‘आयदर यू ऑर आय ___ राँग’ असले प्रश्न. नियमाने ‘ॲम’ येतं आणि वाक्य कानाला टोचतं. चांगला लिहिणारा तिथे वाक्यच बदलतो: ‘आयदर यू आर राँग ऑर आय ॲम’. मराठीतही आपण ‘एकतर तू चुकतोयस नाहीतर मी’ असंच म्हणतो. गाळलेल्या जागेत मात्र वाक्य बदलायची मुभा नसते.

आता खरा प्रश्न. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घुसतात तो. ‘द की टू द कॅबिनेट्स आर’ असं इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही बोलून जातात. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी 1991 साली हे प्रयोग करून दाखवलं. लोकांना वाक्याची सुरुवात ऐकवायची, त्यांनी ती म्हणून वाक्य पूर्ण करायचं. कर्ता एकवचनी आणि मधलं नाम अनेकवचनी असलं की क्रियापद घसरतं. उलट बाजूला, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि मधलं नाम एकवचनी असताना, चुका फारच कमी. त्यामुळे सरावासाठी ‘किल्ली एक, कपाटं अनेक’ अशीच वाक्यं घ्यायला हवीत. दुसऱ्या प्रकारची वाक्यं सोडवून घेतली तर वेळ जातो, हाती फार काही लागत नाही.

मराठीत ही घसरण का होत नाही ते पाहा. ‘कपाटांची किल्ली हरवली.’ आपण वर्णन आधी करतो आणि मुख्य नाम शेवटी, क्रियापदाच्या अंगाला आणून ठेवतो. कपाटांना ‘ची’ लागल्यामुळे ती कर्ता असल्याचा संशयही येत नाही. ‘राम मित्रांसह आला’ यातही ‘सह’ लागल्यामुळे मित्र बाजूला झाले. इंग्रजी मुख्य नाम आधी टाकतं आणि वर्णनाची शेपटी मागून जोडतं, आणि त्या शेपटीतलं शेवटचं नाम क्रियापदाला चिकटतं.

क्लासमध्ये यावर एक युक्ती असते: ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंत सगळं खोडा, उरेल तो कर्ता. बऱ्याचदा चालते. पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स ___ कम’ यात खोडून बघा. उरतं ‘अ नंबर’, म्हणून मुलं ‘हॅज’ लिहितात. बरोबर आहे ‘हॅव’. पुढच्याच प्रश्नात ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स ___ इन्क्रीज्ड’ असतं आणि तिथे ‘हॅज’ बरोबर. मग या दोन वाक्यांसाठी सतरावा आणि अठरावा नियम पाठ करायचा.

यापेक्षा साधी वाट आहे आणि क्लासवाले नेमकी तीच बंद करतात. ‘मराठीत विचार करू नका’ अशी पाटीच असते. मी म्हणते, करा. वाक्य सरळ मराठीत आणा आणि क्रियापदाला कोणतं नाम हलवतंय ते बघा. पहिलं वाक्य: ‘बरेच विद्यार्थी आले आहेत.’ क्रियापद विद्यार्थ्यांचं, म्हणून हॅव. दुसरं: ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे.’ क्रियापद संख्येचं, म्हणून हॅज. काही खोडावं लागलं नाही.

एक लांबलचक घेऊ. ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हूज डॉक्युमेंट्स वेअर व्हेरिफाइड ऑन मंडे ___ बीन पुट अप ऑन द बोर्ड.’ हॅज की हॅव? डॉक्युमेंट्स अनेकवचनी, कँडिडेट्स अनेकवचनी, ‘वेअर’ तर कानात घुमतंय. माझ्या वर्गात बहुतेकांचा हात ‘हॅव’वर जातो. आता मराठी: ‘ज्यांची कागदपत्रं सोमवारी तपासली, त्या उमेदवारांची यादी फळ्यावर लावली आहे.’ ‘लावली’ कुणामुळे झालं? यादीमुळे. यादी एक, म्हणून हॅज. करमाळ्याहून आलेली एक मुलगी हे ऐकून म्हणाली, ‘मॅडम, एवढंच होतं तर आम्हाला बत्तीस नियम कशाला दिले?’ नियम विकता येतात, असं मी तिला सांगितलं.

ही वाट सगळीकडे पोचत नाही, तेही सांगायला हवं. मराठी तुम्हाला कर्ता शोधून देईल, पण त्याचं वचन इंग्रजीलाच विचारावं लागेल. आपल्या बातम्या चांगल्या असतात, इंग्रजीत ‘न्यूज इज गुड’. आपली पँट फाटते, इंग्रजीत ‘ट्राउझर्स आर टॉर्न’. आपले केस गळतात, इंग्रजीत ‘हेअर इज फॉलिंग’. असे शब्द फार नाहीत. माझ्याकडची यादी वहीच्या एका पानात मावते आणि ते पान मात्र मी पाठ करून घेते. ‘टीम’ त्या पानावर नाही.