लाल रंग दिला म्हणजे पाइप चालू झाला का?

जळगावात किंवा धुळ्यात एखाद्या जुन्या सात-आठ मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये शिरलात, तर जिन्याच्या कडेने वर गेलेला एक जाड लाल पाइप दिसेल. त्याचं खालचं टोक भिंतीबाहेर येतं आणि तिथे दोन तोंडं असतात. वरच्या पाटीवर ‘फायर ब्रिगेड इनलेट’ असं लिहिलेलं असतं. निदान कधीकाळी तरी लिहिलेलं होतं. आता त्यासमोर कोणाची तरी बुलेट उभी असते, नाहीतर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला असतो. माझं म्हणणं असं, की यातले बरेच पाइप हे फक्त रंगकाम आहे. त्यात तळापासून वरपर्यंत पाणी शेवटचं कधी सोडलं होतं, हे सोसायटीत कोणालाच सांगता येत नाही. आणि ज्या पाइपातून पाणी गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही, तो बंद आहे असंच धरून चालायला हवं.

हा पाइप कसा काम करतो ते आधी बघू. ‘ड्राय रायझर’ म्हणजे किमान १०० मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप. एरवी तो कोरडा असतो. आग लागली की बंबातला पंप खालच्या इनलेटमधून त्यात पाणी चढवतो आणि प्रत्येक मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला होज जोडून ते पाणी वापरतात. आपल्याकडे मध्यम उंचीच्या निवासी इमारतींसाठी नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये त्याचा भाऊबंद सांगितला आहे, ‘डाउनकमर’. यात गच्चीवर टाकी आणि पंप असतो, पाणी वरून खाली येतं. पण त्यालाही जमिनीलगत फायर ब्रिगेड इनलेट लागतोच, कारण वरची टाकी संपू शकते.

खान्देशात ही ‘संपू शकते’ची गोष्ट नीट लक्षात घ्या. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे मे महिन्यात गच्चीवरच्या आगीसाठी राखलेल्या टाकीत पाणी शिल्लक असेल यावर कोण विश्वास ठेवेल? ते पाणी केव्हाच कोणाच्या तरी कूलरमध्ये गेलेलं असतं. म्हणजे कागदावर डाउनकमर असलेला पाइप ऐन उन्हाळ्यात ड्राय रायझरच असतो. मग सगळी भिस्त उरते खालच्या त्या दोन तोंडांवर.

बंब आल्यावर काय होतं? काही जवान होज आणि नोझल घेऊन जिन्याने वर जातात. आग ज्या मजल्यावर आहे त्याच्या खालच्या मजल्यावर ते थांबतात आणि तिथल्या लँडिंग व्हॉल्व्हला होज जोडतात, म्हणजे धुरात उभं राहून जोडणी करावी लागत नाही. खाली दुसरे जवान इनलेटची टोपणं काढतात, आत हात किंवा टॉर्च घालून बघतात आणि ६३ मिलिमीटरच्या होजचं कपलिंग तोंडावर दाबून बसवतात. खटका बसला की जोडणी झाली. त्याला पान्हा लागत नाही. वरून वॉकीटॉकीवर ‘पाणी सोडा’ आलं की पंप चालवणारा दाब हळूहळू वाढवतो.

इथून पुढे पंप चालवणाऱ्या माणसाला इमारतीच्या आतलं काहीच दिसत नसतं. त्याच्याकडे फक्त दाबाचा काटा असतो. समजा इमारत २४ मीटर उंच आहे आणि इनलेटपासून उभ्या पाइपापर्यंत ६ मीटर आडवा पाइप आहे. १०० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला जवळपास ८ लिटर पाणी मावतं. म्हणजे पूर्ण पाइप भरायला लागतात साधारण २४० लिटर. आपल्या घरातल्या निळ्या पिंपापेक्षा थोडंसं जास्त. मिनिटाला ९०० लिटर देणारा पंप हे काम पंधरा-सोळा सेकंदांत करतो. तेवढ्या वेळात काटा चढत गेला आणि वरून ‘पाणी आलं’ असं कळलं, तर सगळं ठीक.

काटा पहिल्या दोन सेकंदांतच टोकाला गेला आणि वर थेंब नाही, तर पाइप जवळच कुठेतरी तुंबलेला आहे. उलट, अर्धं मिनिट होऊनही काटा वर जाईना, तर पाणी कुठेतरी भलतीकडे चाललंय. सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही लॉग वाचून जे ओळखतो, ते हा माणूस एका काट्यावरून ओळखतो, आणि त्याच्या वेळेची किंमत माणसांच्या जिवात मोजली जाते. साध्या वॉटर टेंडरमध्ये ४५०० लिटर पाणी असतं. मिनिटाला ९०० लिटरने ते पाच मिनिटांत संपतं.

पाणी भलतीकडे कुठे जातं? सगळ्यात साधं उत्तर म्हणजे मधल्या मजल्यावरचा उघडा किंवा गायब लँडिंग व्हॉल्व्ह. हे व्हॉल्व्ह बऱ्याचदा गनमेटलचे असतात आणि भंगारात त्यांना भाव मिळतो. चोरी झाल्यावर तिथे उरतं एक उघडं भोक. वर आग आणि दुसऱ्या मजल्यावर धबधबा. दुसरी शक्यता गच्चीवरची. टाकीकडून येणाऱ्या फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो खालून आलेलं पाणी टाकीत शिरू देत नाही. त्याची झडप गंजून अर्धवट उघडी राहिली, की बंबातलं पाणी इमानेइतबारे गच्चीवरची रिकामी टाकी भरत बसतं.

तुंबण्याची कारणंही अशीच घरगुती आहेत. इनलेटची टोपणं हरवली की त्या तोंडात गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, पोरांनी कोंबलेले दगड साचतात. इनलेटमागच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप वर्षानुवर्षं न हलल्याने जाम होते. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह कोणी उघडत नाही, त्यामुळे मागच्या वेळचं पाणी खालच्या वळणात तसंच राहतं. लोखंडाला सतत ओलं किंवा सतत कोरडं राहण्यापेक्षा कधी ओलं, कधी कोरडं राहणं जास्त भोवतं. आतून गंजाचे पापुद्रे सुटतात आणि त्याच वळणात साठतात. पाण्याचा पहिला लोंढा ते सगळं उचलून वर नेतो आणि नोझलच्या तोंडात अडकवतो. म्हणून जाणते जवान जमेल तेव्हा नोझल लावण्याआधी लँडिंग व्हॉल्व्ह क्षणभर उघडून पाणी मोकळं सोडतात, तांबडा गाळ जाऊ देतात. पण ज्या पाइपात दहा वर्षांचा गंज आहे, तो एका क्षणात कसा साफ होणार?

आणि शेवटचं कारण, माझ्या मते सगळ्यात संतापजनक: पाइप मधूनच कापलेला असणं. तळमजल्याचा गाळा वाढवताना आडवा पाइप आड येतो, म्हणून मिस्त्री तो कापतो आणि वर पीओपीचं छत करतो. बाहेरून इनलेट तसाच, जिन्यातला लाल पाइपही तसाच. मधला तुकडा नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १८ ऑगस्ट २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डॉइश बँकेच्या पाडकाम चालू असलेल्या इमारतीत सतराव्या मजल्यावर आग लागली. बंबांनी इनलेटला होज जोडले, पंप चालू केले, पण वर पाणी येईना. तळघरात त्या उभ्या पाइपाचा सुमारे ४२ फुटांचा तुकडा आधीच कापून काढलेला होता, आणि सगळं पाणी तळघरात सांडत होतं. शेवटी इमारतीच्या बाहेरून होज ओढून पाणी वर न्यावं लागलं. त्यात एक तासाहून जास्त वेळ गेला आणि दोन जवान मृत्युमुखी पडले. त्या इमारतीची तपासणी अग्निशमन दलाने दर १५ दिवसांनी करणं अपेक्षित होतं. ती झालीच नव्हती. मजला सतरावा होता म्हणून जळगावकरांना मी मुद्दाम सांगतो. आपल्याला सतरा मजली म्हटलं की महापालिकेची इमारत आठवते. तेवढ्या उंचीवर पाइप कापलेला असेल, तर पाणी हाताने ओढून नेणं म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून करा.

आता कागदाकडे येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून दर जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. कायदा चांगला आहे. माझा राग त्याच्या आचरणावर आहे. सोसायट्या सगळ्यात कमी पैसे सांगणाऱ्याला फोन करतात, तो येतो, रंग बघतो, फोटो काढतो, सही करतो. एका इमारतीत मी वॉचमनला लँडिंग व्हॉल्व्हबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, “ते बंदच शे, भो.” त्याच्या डोक्यावर भिंतीला प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. कधीच रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपला आमच्या धंद्यात कोणी बॅकअप म्हणत नाही. मग कधीच पाणी न चढवलेल्या पाइपाला अग्निसुरक्षा का म्हणायचं?

यावर सोसायटीच्या सभेत तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, पाणी वाया जाईल. एक पिंपभर पाणी. तेही खालच्या ड्रेनमधून पुन्हा भरून घेता येतं. दुसरं, उघडं ठेवलं तर चोरी होते. होते, म्हणूनच काच लावलेली पेटी असते. इनलेटला साखळी आणि कुलूप घालणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण आगीच्या वेळी किल्ली असलेले काका लग्नाला भुसावळला गेलेले असतात. तिसरं, हे अग्निशमन दलाचं काम आहे. साफ चूक. पंप आणि होज त्यांचे, पाइप तुमचा.

म्हणून माझी मागणी एकच आहे, आणि ती येत्या जुलैच्या फॉर्म बीआधी प्रत्येक सोसायटीने लिखित करावी: आमच्यासमोर पाणी चढवून दाखवल्याशिवाय एजन्सीचं बिल निघणार नाही. एजन्सीने आपला पंप खालच्या इनलेटला जोडावा; रहिवाशांनी स्वतः हा उद्योग करू नये. सगळे लँडिंग व्हॉल्व्ह बंद ठेवून पाइप भरावा, किती सेकंदांत भरला ते घड्याळात बघावं. मग दाब धरून ठेवावा आणि दोन माणसांनी जिना उतरत प्रत्येक मजल्यावर गळती बघावी, एकाने गच्चीवरच्या टाकीत पाणी शिरत नाही ना ते बघावं. शेवटी सगळ्यात वरचा व्हॉल्व्ह उघडून गाळ जाऊन पाणी नितळ येईपर्यंत सोडावं, आणि खालचा ड्रेन उघडून पाइप रिकामा करावा. व्हिडिओ ग्रुपवर टाकावा. महापालिकेनेही फॉर्म बीसोबत हाच व्हिडिओ मागावा.

अर्ध्या तासाचं काम आहे. हे करायला जी एजन्सी नकार देईल, तिच्या सहीची किंमत तुम्हाला त्या क्षणीच कळेल.