जेवताच पोट टम्म? आधी घड्याळ पाहा

पंधरा वर्षांपासून मधुमेह असलेली एखादी व्यक्ती मटकीची उसळ आणि पोळी जेवते आणि तासाभरात पोट नगाऱ्यासारखे ताणले जाते. घरात निदान ठरलेलेच असते, ‘गॅस झालाय’, आणि ॲसिडिटीची गोळी पुढे येते. खरे तर तेव्हा घड्याळ पाहायला हवे. जिवाणूंची मोठी वस्ती मोठ्या आतड्यात असते आणि अन्न तिथे पोहोचायला काही तास लागतात. मग इतक्या लवकर वायू झाला कुठून? एक शक्यता अशी, की जिवाणू लहान आतड्यातच माजले आहेत आणि अन्न पुरते पचण्याआधीच ते आंबवत आहेत.

एरवी जठरातले आम्ल बरेच जिवाणू मारते. शिवाय पोट रिकामे असताना दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट लहान आतडे झाडून काढते. जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा दुबळ्या झाल्या, की ही झाडलोट मंदावते. त्यात आम्ल दाबणारी गोळी महिनोन्‌महिने घेतली, तर उरलेला पहाराही ढिला पडतो. म्हणूनच ती मनाने चालू ठेवणे चुकीचे.

तपासणीत ग्लुकोजचे पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. दीड तासाच्या आत तो २० पीपीएमने वाढला तर संशय बळावतो. मात्र ही चाचणी चुकूही शकते. सोबत जुलाब, घटते वजन किंवा बी-१२ची कमतरता असेल तर थांबू नये. प्रतिजैविकाने आराम पडतो, पण मंदावलेली झाडलोट तशीच राहिली तर काही महिन्यांत पोट पुन्हा फुगू लागते.