शब्द कोणाचे, विचार कोणाचा?

आमच्या विद्यालयातून दहावी होऊन पुढे महाविद्यालयात गेलेला एक विद्यार्थी मागील वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेंदूरजनाघाटला आला, तेव्हा त्याच्या हाती प्राध्यापकांनी परत केलेला एक निबंध होता. निबंधाच्या समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : 'उचलेगिरी'. मुलगा अतिशय खिन्न होता. त्याने काहीही लपविलेले नव्हते. ज्या तीन पुस्तकांतून त्याने मजकूर घेतला, त्या तिन्ही पुस्तकांची नावे निबंधाच्या शेवटी 'संदर्भ' या मथळ्याखाली त्याने स्वच्छ अक्षरात लिहिली होती. "सर, तुम्हीच तर असं लिहायला शिकवलं होतं," असे तो म्हणाला, आणि आम्हां शिक्षकांपाशी त्यावर उत्तर नव्हते.

खरोखरच आम्ही तसेच शिकविले होते. आठवी-नववीच्या प्रकल्पवह्या तपासताना आम्ही अक्षर पाहतो, चित्रे पाहतो, रंगीत समास पाहतो आणि शेवटच्या पानावर पुस्तकांची यादी आहे ना, एवढे पाहून गुण देतो. आतील कोणते वाक्य विद्यार्थ्याचे आणि कोणते पुस्तकाचे, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. शेवटी दिलेली यादी लेखकाने काय वाचले ते सांगते. कोणत्या ओळीचे ऋण कोणाचे, हे तिच्यावरून कळत नाही. ते ओळीपाशीच सांगावे लागते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आमची ही चूक मान्य करतो, आणि ती कशी सुधारता येईल याविषयी आमचे मत मांडतो.

उदाहरण आपल्या गावचेच घेऊ. पुढील उतारा कोणत्याही ग्रंथातील नाही, नमुन्यासाठी आम्हीच तो रचला आहे. तो 'देशमुख' नावाच्या एका काल्पनिक लेखकाच्या २०१९ सालच्या पुस्तिकेत १२व्या पानावर आहे, असे समजावे :

"मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीतील ओल लवकर आटते, म्हणून तेथे महिना ते दीड महिन्याचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, म्हणून तेथे दीड ते दोन महिने लागतात."

आता एखादा विद्यार्थी आपल्या प्रकल्पात असे लिहितो : 'मृग बहार घ्यायचा असल्यास उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडास पाण्याचा ताण देणे आवश्यक असते. हलक्या मातीतील ओलावा लवकर सुकतो, त्यामुळे तेथे महिना ते दीड महिन्याचा ताण पुरेसा होतो.' पुस्तकातले शब्द जसेच्या तसे उतरविले नाहीत, म्हणून हे आपलेच लेखन झाले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. परंतु दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावे. वाक्यांचा क्रम तोच आहे, प्रत्येक वाक्याची घडण तीच आहे. 'धरायचा' ऐवजी 'घ्यायचा', 'जमीन' ऐवजी 'माती', 'आटते' ऐवजी 'सुकतो' एवढाच फरक आहे. दुसऱ्याच्या सदऱ्याची बटणे बदलल्याने सदरा आपला होत नाही. अशा मजकुरापुढे लेखकाचे नाव लिहिले, तरीही दोष पुरता जात नाही. कारण वाक्यरचना लेखकाची असूनही ती विद्यार्थ्याची म्हणून वाचकापुढे येते.

खरा भावानुवाद करण्याची रीत निराळी आहे. उतारा दोनदा-तीनदा वाचावा, पुस्तक मिटून बाजूला ठेवावे, आणि खोलीतल्या सोबत्याला समजावून सांगावे तसे ते आपल्या वाक्यांत लिहावे. लिहून झाल्यावरच पुस्तक उघडून दोन गोष्टी तपासाव्यात : अर्थ बदलला तर नाही ना, आणि मूळ वाक्य नकळत उतरले तर नाही ना. पुस्तक मिटल्यावर जर काहीच लिहिता येत नसेल, तर विषय अद्याप समजलेला नाही, असे समजून पुन्हा वाचावे. या रीतीने वरील उतारा असा होईल : 'ताण किती दिवस द्यायचा हे जमीन ओल किती काळ धरून ठेवते यावर ठरते, असे देशमुख सांगतात, त्यांच्या मते काळ्या जमिनीतील बागेला हलक्या जमिनीतील बागेपेक्षा साधारण पंधरा दिवस अधिक ताण लागतो (देशमुख, २०१९, पृ. १२).' येथे वाक्य विद्यार्थ्याचे आहे, विचार देशमुखांचा आहे, आणि दोहोंची नोंद त्याच ठिकाणी आहे. 'मृग बहार', 'ताण', 'हलकी जमीन' हे शब्द मात्र बदलू नयेत. ते कोणा एका लेखकाचे शब्द नव्हेत, बागाईतदारांचे आहेत. त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधल्यास अर्थच बिघडेल.

येथे आणखी एक धोका असतो. विद्यार्थी पुढे लिहितो, 'म्हणून काळ्या जमिनीतील बागेचे पाणी आधी तोडावे (देशमुख, २०१९, पृ. १२).' तर्क योग्य असेलही, परंतु देशमुखांनी ते म्हटलेले नाही. आपले अनुमान दुसऱ्याच्या तोंडी घालणे हाही त्या लेखकावर अन्यायच होय. कंसातील नोंद आधीच्या वाक्यापाशीच संपवावी आणि पुढे 'यावरून आम्हांस असे वाटते की' असे लिहून आपला तर्क आपल्या नावावर मांडावा. परीक्षक ज्याची वाट पाहत असतो, ते विद्यार्थ्याचे स्वतःचे लेखन नेमके याच ठिकाणी असते.

जसेच्या तसे शब्द केव्हा घ्यावेत? लेखकाच्या शब्दांवरच वाद असेल, व्याख्या असेल, किंवा ते शब्द बदलल्यास त्यांतील धार जाईल, तेव्हाच. मग ते अवतरणचिन्हांत, काना-मात्रेसह अचूक उतरवावेत. मधला भाग गाळला तर तेथे तीन टिंबे द्यावीत. आपला एखादा शब्द घालणे भाग पडले तर तो चौकटी कंसात घालावा. गाळल्याने लेखकाचे मत उलटे होत नाही ना, हेही पाहावे. विरोधकाचे म्हणणे कसे मांडावे, याचा वस्तुपाठ बाबासाहेबांनी घालून दिला आहे. त्यांचा जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील प्रबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका वाचकांपुढे छापून ठेवली आणि सोबत आपले उत्तर दिले. सोयीची दोन वाक्ये तोडून घेऊन त्यांवर प्रहार करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी पत्करला नाही. हा प्रबंध मूळ इंग्रजीत आहे. म्हणून त्यातील मराठी अवतरण देताना अनुवादकाचे नाव द्यावे लागते, आणि अनुवाद स्वतः केला असेल तर तसे सांगावे लागते. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातील मजकूर मराठीत आणला म्हणजे तो आपला झाला, हा समज आमच्या विद्यार्थ्यांत फार आढळतो. भाषा बदलली, तरी विचाराचा धनी बदलत नाही.

आता आमच्याच भिंतीकडे वळू. शिक्षणाला वाघिणीच्या दुधाची उपमा देणारे वाक्य बाबासाहेबांच्या नावाने महाराष्ट्रभर शाळांच्या भिंतींवर रंगविलेले असते. आमच्याही भिंतीवर ते आहे. त्याखाली ग्रंथाचा खंड व पान लिहिलेले आम्ही कोठेही पाहिलेले नाही. एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधात ते घेतले आणि संदर्भ म्हणून 'शाळेची भिंत' असे लिहिले, तेव्हा वर्गात हशा पिकला. आमच्या मते त्या वर्गात तीच एकटी बरोबर होती. जेथे आपण वाचले, तेथलाच संदर्भ द्यावा. मूळ ग्रंथ न पाहता त्याचे नाव लिहिणे म्हणजे न केलेल्या वाचनाची साक्ष देणे होय. एखाद्या चरित्रात बाबासाहेबांचे वाक्य वाचले असेल, तर 'अमुक चरित्रात उद्धृत' असे लिहून त्या चरित्राचे पान द्यावे. शक्य तेथे त्याहून एक पाऊल पुढे जावे. शासनाने प्रकाशित केलेल्या 'लेखन आणि भाषणे' या मालेच्या १८व्या खंडात त्यांची मराठी भाषणे आहेत. तेथे वाक्य सापडले तर दिनांक आणि पान मिळते. सापडले नाही, तर 'बाबासाहेबांचे म्हणून प्रसिद्ध असलेले' एवढेच लिहावे.

संदर्भ नोंदलेला नसला तर तो पुढे शोधण्यास किती श्रम पडतात, हे आपल्या घरच्याच ग्रंथावरून कळते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य उपासकाला सलग वाचता यावा, अशी त्याची मांडणी आहे. उताऱ्यांगणिक आधार त्यात दिलेले नव्हते. हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाली वाङ्मयात त्या उताऱ्यांची मूळ स्थाने शोधून काढली. पुढे हे आधार, सूचीसह, शासनाच्या मालेत ११व्या खंडाची पुरवणी म्हणून छापले गेले. भदन्तांसारखा पाली जाणणारा विद्वान होता, म्हणून हे कार्य झाले. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीसाठी असे श्रम कोणी घेणार नाही. ती नोंद त्याने वाचतावाचताच केली पाहिजे.

प्रत्येक वाक्यापुढे कंस हवा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. नागपूर येथील धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली, हे सर्वविदित आहे. त्याला संदर्भ लागत नाही. परंतु त्या दिवशी दीक्षाभूमीवर किती लोक होते, याचे आकडे निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आढळतात. म्हणून आकडा लिहिला, की तो कोणाचा हेही लिहिलेच पाहिजे.

येत्या सत्रापासून आम्ही प्रकल्पवहीची गुणविभागणी बदलण्याची सूचना शिक्षकसभेपुढे ठेवणार आहोत. सजावटीचे गुण कमी करावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने प्रकल्पासोबत एक टिपणवही द्यावी. तिच्या डाव्या पानावर पुस्तकातील शब्द अवतरणचिन्हांत, ग्रंथ व पृष्ठांकासह असावेत; उजव्या पानावर पुस्तक मिटून लिहिलेला स्वतःचा मजकूर असावा. डावे पान उजव्या पानात मिसळले की गोंधळ सुरू होतो, आणि शिक्षकाला तो दोन पाने शेजारी ठेवताच दिसतो. अशी वही तपासायला आम्हांस दुप्पट वेळ लागेल, याची जाणीव आहे. परंतु त्या लाल शाईतील शब्दात अर्धा वाटा आमचा होता, आणि तो फेडण्यास याहून स्वस्त मार्ग आम्हांस दिसत नाही.