यंत्राला ‘लक्षात आहे ना?’ असे विचारले तर

अकोल्याच्या एखाद्या डाळमिलने चौकशीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट बसविला आहे, अशी कल्पना करावी. रात्री पेढी बंद झाल्यावर अमरावतीचा एक जुना किराणा व्यापारी त्यावर तूरडाळीचा भाव विचारतो. उत्तर क्षणात येते, तेही ‘नमस्कार शेठजी’ अशा आर्जवाने. व्यापाऱ्याला शंका येते आणि तो दोन गोष्टी विचारतो. समोर माणूस आहे की मशीन? आणि मागच्या खेपेला दोन टक्के वटाव ठरला होता, तो लक्षात आहे ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, तरी ते पुष्कळदा चुकते. हे यंत्र माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर तयार झालेले असते. त्या मजकुरात ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणारा बहुधा माणूसच असतो. त्यामुळे स्पष्ट सूचना नसेल, तर यंत्र त्याच वळणावर जाऊन आपण पेढीवरचे कर्मचारी असल्याचे खुशाल सांगू शकते. मालकाने हौसेने त्याला माणसाचे नाव दिले असेल, तर हा धोका वाढतो. नाव ठेवण्यास हरकत नाही. शासनानेही पीएम-किसानच्या चौकशीसाठी 2023 साली सुरू केलेल्या चॅटबॉटला ‘किसान ई-मित्र’ म्हटलेच आहे. परंतु ग्राहकाने मनापासून विचारल्यावर पहिल्याच वाक्यात ‘हे यंत्र आहे’ असे यावे, आणि माणसाशी बोलायचे असल्यास कोणत्या क्रमांकावर, केव्हा बोलता येईल, हे लगेच पुढे यावे. ‘मी आपल्या सेवेत आहे’ असे गोड बोलून प्रश्न टाळणे हेही फसविणेच होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विक्रीसाठी अशी ओळख लपवून ग्राहकाची दिशाभूल करणे 2019 पासून कायद्याने निषिद्ध आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ‘लक्षात असणे’ हा शब्द यंत्राला माणसाप्रमाणे लागू पडत नाही. त्याच्या घडणीत शिरलेले ज्ञान सर्वसाधारण असते. अमरावतीच्या या व्यापाऱ्याचा सौदा त्यात नसतो. चालू संभाषण त्याला दिसते, पण तेही प्रत्येक नव्या निरोपाबरोबर आधीचा मजकूर पुन्हा त्याच्यापुढे मांडला जातो म्हणून. संभाषण फार लांबले, तर सुरुवातीचा भाग गाळला जातो किंवा त्याचा सारांशच उरतो. मागच्या महिन्याचे बोलणे तर मिलने ते जपून ठेवले असेल आणि यंत्राला उघडून दाखविले असेल, तरच त्याला कळते. म्हणजे येथे स्मरणशक्ती नसून खातेवही आहे, आणि ती समोर उघडलेली असेल तेवढीच वाचता येते.

वही समोर नसतानाही यंत्र सहसा गप्प बसत नाही. ग्राहकाच्या प्रश्नातच दोन टक्के हा आकडा आलेला असतो. ‘होय, लक्षात आहे, या वेळीही तसेच करू’ हे त्याला जुळणारे सर्वांत सहज वाक्य असते, म्हणून ते लिहिले जाते. येथे खोटे बोलण्याचा हेतू नसतो, मात्र परिणाम तोच होतो. योग्य उत्तर असे की, मागील संभाषण आपल्यापुढे नाही, त्यामुळे वटाव ठरला होता वा नव्हता हे सांगता येत नाही. मुनीमजी वही पाहून सकाळी कळवतील. वही जोडलेली असेल, तर ‘आठवते’ न म्हणता अमुक तारखेच्या बिलात अमुक नोंद आहे, असे सांगावे.

अशा चुकीची किंमत पेढीलाच मोजावी लागते. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आप्ताच्या निधनानंतरच्या प्रवासाला मिळणाऱ्या सवलतीविषयी एका प्रवाशाला चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीकडून झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

आपल्या पेढीचा चॅटबॉट कसा आहे, हे पाहण्यासाठी त्याला कधी घडलेच नाही ते विचारावे. ‘गेल्या महिन्यात परत पाठविलेल्या दहा कट्ट्यांचे काय झाले?’ कट्टे परत गेलेच नसताना त्याने क्षमा मागून पैसे जमा झाल्याचे सांगितले, तर तो वही वाचत नसून वाक्ये जुळवीत आहे, हे ओळखावे.

ग्राहक कधी उलटही सांगतो: माझा क्रमांक विसरून जा. त्यावर ‘विसरलो’ हे उत्तर बहुधा खोटे असते, कारण नोंद मिलच्या संगणकात तशीच राहते आणि ती पुसण्याचा अधिकार चॅटबॉटला क्वचितच दिलेला असतो. व्यक्तिगत माहिती पुसून घेण्याचा हक्क 2023 च्या कायद्याने मान्य केला आहे, पण जीएसटीची बिले वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावीच लागतात. तेव्हा संभाषण कोण पुसू शकेल आणि बिलातील कोणती नोंद राहीलच, हे दोन्ही उत्तरात वेगवेगळे सांगितलेले असावे.